ऐन प्रवेशाच्या गर्दीत एकुलतं एक मशीन अडलं, आणि आत अंगठ्याएवढा कागद सापडला

कोयनाकाठ

पाटणला कचेरीच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. सोळा वर्षं झाली. मशीन एकच: ए-थ्री मापाचं काळं-पांढरं लेझर. झेरॉक्स, प्रिंट, स्कॅन सगळं त्याच्यावरच. गेल्या सोमवारी ते अडलं. दहावी-बारावीचे निकाल लागून गेलेले, अकरावी, आयटीआय, डिप्लोमाचे अर्ज सुरू, त्यात उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले काढायला वाड्यावस्त्यांवरून माणसं उतरलेली. आमच्याकडे वर्षाचं पोट या पाच-सहा आठवड्यांवर असतं. जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण अशी एकमशिनी दुकानं चालवणारे इथे बरेच जण आहेत.

शनिवारी संध्याकाळपासून पाऊस लागून राहिला होता. सोमवारी सकाळी दुकान उघडलं, ट्रेमध्ये शनिवारचाच कागद होता, त्यावरच काम सुरू केलं. कागद बाहेर येताना थोडा वाळत्या पानासारखा वळत होता. ते मी पाहिलं, पण रांग होती, हात चालू ठेवला. साडेअकराच्या सुमारास कागद आत अडकला. मी काउंटरवर फॉर्म भरून देत होतो. माझा भाचा सुट्टीचा मदतीला येतो, त्याने बाजूचं दार उघडून कागद खालून ओढला. टर्रकन आवाज आला तेव्हा मी वळून पाहिलं. कागद त्याच्या हातात होता. दार लावलं, पण स्क्रीनवर Paper Jam तसंच. बंद करून चालू केलं, तरी तेच. आत डोकावलं तर कागद कुठेच दिसत नाही.

चौदा माणसं उभी होती. कराडच्या सर्व्हिसवाल्याला फोन केला, तो म्हणाला बुधवारच्या आत जमणार नाही. तेव्हा मी मशीन बंद केलं, प्लग काढला, आणि पोराला म्हटलं, आता अर्धा तास याला हात लावायचा नाही. फ्युजर गरम होता, त्या अवस्थेत चाचपडलो असतो तर हात तरी भाजला असता किंवा रोलर तरी खरवडला असता. माझ्या मशीनवर छपाई अडली तरी स्कॅन चालतं, हे मला माहीत होतं. म्हणून प्लग काढण्याआधीच, म्हणजे सर्व्हिसवाल्याशी बोलता बोलता, रांगेतल्यांची कागदपत्रं पेन ड्राइव्हवर स्कॅन करून घेतली, मूळ कागद ज्याचे त्याला परत दिले, आणि प्रत्येकाला पाठकोऱ्या चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. कुणाला कचेरीत सही घ्यायची होती, कुणाला बाजार करायचा होता. "दोन वाजता या, नाही झालं तर पेन ड्राइव्ह घेऊन मी स्वतः कराडला जाऊन छापून आणतो" असं सांगितलं. चौदातली तेरा माणसं गेली. एक आजी बाकावर बसून राहिल्या, त्यांना नातवाच्या दाखल्याच्या दोनच प्रती हव्या होत्या.

मग तो फाटका कागद टेबलावर पसरला. खरं काम इथे झालं.

एक: कागदाला पंख्यासारख्या बारीक घड्या पडल्या होत्या. म्हणजे पुढची कड कुठेतरी अडली आणि मागून कागद येतच राहिला. दोन: आमच्या मशीनमध्ये ए-फोर कागद लांब बाजू पुढे करून जातो. त्या पुढच्या कडेपासून मी अक्षरांवर बोट घासत गेलो. साधारण नऊ सेंटिमीटरपर्यंत छपाई पक्की होती. तिथून पुढे एकदम पावडर बोटाला लागायला लागली. टोनर फ्युजरच्या उष्णतेने वितळूनच कागदाला धरतो. म्हणजे नऊ सेंटिमीटर कागद फ्युजरच्या पलीकडे गेला होता आणि बाकीचा अलीकडे थांबला होता. अडथळा फ्युजरमधून बाहेर पडल्यावर लगेचच होता. तीन: घड्या सपाट करून तुकडे जुळवले. पोराच्या हातात आलेले दोन, दारात पडलेला एक. सगळं जुळलं, फक्त पुढच्या कडेचा एक कोपरा नव्हता. अंगठ्याच्या पेराएवढा. कागद मशीनमध्ये जातो तसा हातात धरून पाहिला, तर तो कोपरा मी उभा राहतो त्या बाजूला येत होता.

म्हणजे आता पूर्ण मशीन शोधायचं नव्हतं. फ्युजरच्या बाहेरच्या तोंडाशी, माझ्या बाजूची चार बोटं जागा तेवढी बघायची होती.

मशीन गार झाल्यावर दार उघडलं, फ्युजरचा दाब सोडायची हिरवी खटकी खाली केली आणि टॉर्च आडवा धरला. वरच्या रोलरला टेकलेली प्लास्टिकची नखं असतात, कागद रोलरला चिकटू नये म्हणून. त्यातल्या पहिल्या नखाखाली तपकिरी पडलेला तो कोपरा होता, आणि त्याचं दुसरं टोक बाहेर पडायच्या वाटेवरच्या छोट्या काळ्या लिव्हरवर बसलं होतं. लिव्हर दाबलेलाच राहिला होता. चिमटा घालायचा धीर झाला नाही. लॅमिनेशनची कापून उरलेली एक कडक पट्टी होती, ती कागदाखाली सरकवली, हाताने फिरवायची मूठ कागद बाहेर जातो त्याच दिशेने अगदी सावकाश फिरवली, आणि तुकडा पट्टीवर बसून बाहेर आला. तो टेबलावर कोपऱ्याच्या जागी ठेवला. बरोबर बसला, तंतोतंत. मगच दार लावलं.

लिव्हर बोटाने हलवून पाहिला, सोडल्यावर टपकन वर आला. मशीन चालू केलं, जॅम गेला. पहिले वीस कागद कोरे सोडले, मग आजींच्या दोन प्रती काढल्या, बोट घासून पाहिलं, आणि त्यांना दिल्या. सव्वा वाजला होता.

माझा प्रश्न असा: तुकडा निघाला, पण कागद मुळात अडला का? ओला कागद, की ते नख खराब झालं? मशीनला पाच वर्षं झाली आहेत. हंगाम संपेपर्यंत असंच ओढता येईल का?

---

सावंतवाडीची_मेधा

मला हे वाचून अगदी माझे मे महिन्यातले दिवस आठवले. माझा शाईच्या टाकीचा रंगीत प्रिंटर आहे, लग्नपत्रिका आणि मुंजीची आमंत्रणं करते. ऐन लगनसराईत लाल रंगच येईना. मी हेड क्लिनिंग पाच-सहा वेळा मारलं, शाई निम्मी संपली, लाल काही आला नाही. तुम्ही हेड क्लिनिंग करून पाहिलंत का? आणि माझ्या प्रिंटरचं काय करावं?

---

रोलर_आणि_रबर

मेधाताई, त्यांचं मशीन वेगळं आहे. त्यात शाई नाही, पावडर आणि उष्णता आहे, त्यामुळे हेड नावाचा भागच नाही. तुमचं सांगतो. आधी नोझल चेकचं पान काढा आणि जपून ठेवा. एकदा क्लिनिंग करा, पुन्हा पान काढा, दोन्ही शेजारी ठेवा. तुटलेल्या रेघा त्याच जागी असतील तर शाई वाळून बसली आहे. रेघा जागा बदलत असतील तर नळीत हवा आहे. दोनदा केल्यावर थांबा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी बऱ्याचदा फरक दिसतो. लागोपाठ क्लिनिंग मारलं की ती सगळी शाई खालच्या स्पंजात जाते, आणि तो भरला की प्रिंटर वेगळ्याच कारणाने बंद पडतो.

कोयनाकाठ, तुमचं सविस्तर रात्री लिहितो. मी तेवीस वर्षं कोल्हापूर भागात कॉपियरच दुरुस्त केले. तुकडे जुळवून बघणारा दुकानदार फार कमी वेळा भेटला. बहुतेक ठिकाणी मी जाईपर्यंत फाटका कागद कचऱ्याच्या डब्यात आणि डबा रिकामा.

---

निखिल_मिरज

दादा, सेन्सर गेला आहे तुमचा. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत सेम झालं होतं. कागद नसताना जॅम दाखवतो म्हणजे सेन्सर. आम्ही त्या लिव्हरला सेलोटेप लावून बसवला होता, महिनाभर चाललं. आणि ओला कागद असेल तर गच्चीवर उन्हात टाकायचा, दोन तासांत कडक.

---

रोलर_आणि_रबर

निखिल, सेन्सरपर्यंत तू बरोबर पोचलास, पण तो गेलेला नव्हता. तो खरंच सांगत होता की माझ्यावर काहीतरी बसलंय.

घरी ओळखायचं कसं ते सांगतो. मशीन चालू केल्या केल्या, कागद हललाही नसताना जॅम दाखवलं, तर कुठलातरी लिव्हर दाबलेला आहे. तिथे तुकडा शोधायचा. कागद फिरायला लागल्यावर दाखवलं, तर लिव्हर ठीक आहेत, कागद वेळेवर पोचत नाही किंवा वेळेवर निघत नाही. तिथे रोलर बघायचे. यांचं पहिल्या प्रकारातलं होतं. दोन्ही प्रकारांना स्क्रीनवर शब्द एकच येतो, म्हणून माणूस गोंधळतो.

टेप लावून लिव्हर बसवणं मात्र कुणी करू नका. कागद फ्युजरमधून सुखरूप निघाला की नाही हे मशीनला कळायची ती एकच जागा. ती आंधळी केली तर मागचे कागद येतच राहतात आणि गरम रोलरवर गुंडाळतात. रोलर साधारण 180 ते 200 अंशांवर असतो. गुंडाळलेला कागद काढायला लोक कटर घालतात, वरचा लेप चिरतो, आणि मग प्रत्येक पानावर ठरावीक अंतराने तोच डाग उमटतो. मग फ्युजरच बदला.

उन्हाचं म्हणशील तर तेही अर्धंच. गठ्ठा उन्हात ठेवला की कडा आधी वाळतात आणि मधला भाग ओला राहतो. कडा आखडतात, मधला फुगलेला राहतो. असा कागद वाकडा ओढला जातो, एखादी सुरकुतीही पडते. आणि फार कोरडा झाला तर कागद एकमेकांना चिकटून दोन-दोन जातात.

आता कोयनाकाठ यांचा प्रश्न. दमट कागद फ्युजरमधून जाताना एका बाजूचं पाणी आधी उडतं, म्हणून तो वळतो. वळलेली कड सरळ बाहेर जायच्या वाटेवर जात नाही, नखावर नाहीतर दांडीवर आपटते. तुम्ही सकाळीच वळण पाहिलं होतं, म्हणजे कारण तिथेच होतं असं माझं मत. पण नख बघाच. गार मशीनमध्ये टॉर्चने नखाचं टोक पाहा. टोकावर काळी गुठळी जमलेली असेल किंवा टोक बोथट झालं असेल, तर कोरडा कागदही कधीतरी अडेल. आणि एक विचारतो: जॅमच्या आदल्या दोनतीनशे कागदांवर कडेला बारीक घासल्याची रेघ होती का? वाया गेलेले कागद आहेत का?

---

कोयनाकाठ

वाया गेलेले कागद पाठकोरे म्हणून ठेवतो, ते काढून पाहिले. सोमवारच्या गठ्ठ्यात रेघ नाही. पण त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या पाच-सहा कागदांवर, त्याच बाजूला, कडेपासून दोन बोटांवर, बारीक फिकट ओरखडा आहे. न वळलेल्या कागदांवरही. आता काय समजू?

रिम कुठे ठेवतो तेही सांगतो. पश्चिमेच्या भिंतीला लागून, जमिनीवर, एकावर एक. भिंतीला हात लावला तर गार ओलसर लागते. आणि शनिवारी ट्रेमध्ये टाकलेला कागद रविवारभर उघडा होता.

---

रोलर_आणि_रबर

मग नख आधीपासून थोडं बिघडलेलं असणार आणि दमट कागदाने निमित्त दिलं. नख मागवा, किमतीने किरकोळ आहे, पण बसवायला फ्युजर बाहेर काढावा लागतो, ते सर्व्हिसवाल्यालाच करू द्या. तोवर हंगाम काढायचा तर कागद सांभाळा. रिम भिंतीपासून हातभर दूर, फळीवर. रिमचं वेष्टन साधं नसतं, ओल अडवणारं असतं, म्हणून लागेल तेव्हाच फोडायचं आणि उरलेला कागद त्याच वेष्टनात घडी घालून ठेवायचा. रात्री ट्रे रिकामा. सकाळी कागद वळायला लागला तर थांबून ट्रेमधला गठ्ठा पालथा करून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने कड सरळ होते.

---

खिळेजुळारी

माझा छापखाना ट्रेडलचा होता, रत्नागिरीत, आता बंद केला. पावसाळ्यात कागदाच्या कपाटात तळाला चाळीसचा पिवळा बल्ब चोवीस तास जळत असायचा. कपाट कधी गरम लागायचं नाही, नुसतं कोमट. जुलैतसुद्धा कागद खडखडीत. लाकडी कपाट, बल्बवर पत्र्याची जाळी, आणि कागद बल्बपासून दीड फूट वर. तीस वर्षं काही झालं नाही. कोयनाकाठ यांनी हेच करावं.

---

रोलर_आणि_रबर

काका, तुमच्या पद्धतीचा मान आहे, पण दुकान बंद करून रात्री कपाटात बल्ब जळत ठेवा असं मी कुणाला सांगणार नाही. मी एक कपाट आतून काळं पडलेलं पाहिलं आहे. आजचा कागद आज फोडायचा, तेवढं पुरतं.

---

खिळेजुळारी

कोकणात नाही पुरत. फोडलेला कागद दुपारपर्यंत मऊ पडतो. जाळी नीट असेल तर बल्बला भिण्याचं कारण नाही.

---

वर्गशिक्षिका

मी एका विद्यालयात शिकवते. आमच्या मुलांचे आधार, मार्कशीट, जातीचे दाखले सगळे अशा दुकानांतूनच जातात. तुम्ही चौदा जणांची कागदपत्रं पेन ड्राइव्हवर घेतलीत. त्यांना परत यायला लागू नये म्हणून घेतलीत हे कळतं. पण त्या पेन ड्राइव्हचं पुढे काय झालं?

---

कोयनाकाठ

बाई, बरं झालं विचारलंत. ज्याचे कागद छापून दिले त्याची फाइल त्याच्यासमोर काढून टाकली. पण दोन जण दुसऱ्या दिवशी आले, म्हणजे त्यांच्या फाइली रात्रभर माझ्याकडे होत्या. पेन ड्राइव्ह घरी नेला होता, दुकानात ठेवला नाही. आणि मशीनच्या स्वतःच्या मेमरीत स्कॅन राहतं का, हे मी कधी तपासलंच नव्हतं. तपासलं, तर झेरॉक्सचं काही दिसलं नाही, पण मोबाइलवरून पाठवलेली जुनी कामं यादीत होती. ती सगळी काढली. पुढच्या वेळी स्कॅन घेण्याआधी विचारून घेईन.

---

हिशेबी_माणूस

नख, कागद सगळं ठीक. पण एकाच मशीनवर हंगाम काढणं हाच धोका आहे. एखादा लहान ए-फोर लेझर शेजारी का नाही ठेवत? वर्षातून दहा दिवस चालला तरी वसूल.

---

कोयनाकाठ

हे माझ्या डोक्यात तीन वर्षं आहे. अडचण जागेची. दुकान आठ बाय दहा आहे. आणि लहान मशीनची एका पानाची किंमत मोठ्यापेक्षा जास्त पडते, झेरॉक्सचा दर मात्र गिऱ्हाईक तोच देतं. दहा दिवस सोडून बाकी वर्षभर ते धूळ खाणार. पडून राहिलं तर खराब होतं का?

---

रोलर_आणि_रबर

लेझर पडून राहिला तर शाईच्या प्रिंटरसारखा वाळत नाही. मेधाताईंचा रंगीत प्रिंटर महिनाभर झाकून ठेवला तर त्रास देईल, लेझर नाही. फक्त ड्रमला उजेड लागू देऊ नका आणि दर पंधरा दिवसांनी पाच-दहा पानं काढा, कागद ओढायचा रबर कडक होऊ नये म्हणून. घ्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमच्या गावात दुसरं दुकान आहे का, अडीअडचणीला मशीन देईल असं?

---

कोयनाकाठ

आहे एक, एसटी स्टँडजवळ. बोलणं फारसं नव्हतं, धंदा एकच म्हणून. मंगळवारी जाऊन भेटलो. त्यांचंही मशीन एकच आहे. तुमचं अडलं तर माझ्याकडे या, माझं अडलं तर मी येईन, एवढं ठरलं. पानाचा दर काय लावायचा ते अजून ठरायचं आहे.

---

सावंतवाडीची_मेधा

लाल आला! रेघा जागा बदलत होत्या. रात्रभर ठेवला, सकाळी एकदाच क्लिनिंग केलं. पण आता पिवळ्यात दोन रेघा तुटतायत.

---

कोयनाकाठ

नऊ दिवसांनी लिहितोय. सर्व्हिसवाला येऊन गेला. फ्युजर काढला तेव्हा मी शेजारी उभा होतो. चार नखांपैकी माझ्या बाजूच्या पहिल्याच्या टोकावर मोहरीएवढी टोनरची काळी गुठळी होती, बाकी तीन स्वच्छ. त्याच्या मते नखाची स्प्रिंग ढिली होती म्हणून टोनर साचला. मी त्याला रोलर_आणि_रबर यांचं म्हणणं वाचून दाखवलं. तो म्हणाला, ओलीने एवढं होत नाही, स्प्रिंगच. चारही नखं स्प्रिंगांसकट बदलली. रिम आता फळीवर आहेत, बल्ब लावलेला नाही. काल दिवसभर पाऊस होता. अकराशे कागद निघाले, त्यातला एक अडकला, तोही ट्रेच्या तोंडाशीच. भाच्याने दार उघडलं, हात मागे घेतला, आणि मला हाक मारली.

---

रोलर_आणि_रबर

ट्रेच्या तोंडाशी अडकला असेल तर ते वेगळं आहे. कागद ओढायच्या रबराला हात लावून पाहा, गुळगुळीत चकचकीत लागतो का? लागत असेल तर ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण सुकू देऊन बघा. आणि अडलेल्या कागदाची पुढची कड जपून ठेवलीत ना?

---

कोयनाकाठ

ठेवली आहे. कडेला दोन जागी काळसर घासल्याच्या खुणा आहेत, रबराच्या रुंदीच्या. संध्याकाळी गर्दी ओसरली की पुसतो आणि सांगतो.